गर्भ गेलेल्या मैत्रिणीला पत्र लिहायचंय, तर...

तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे आठव्या-दहाव्या आठवड्यात गर्भ गेला, तर ते माहीत असणारी माणसं चार-पाचच असतात. नवरा, आई, सासू आणि एखादी मैत्रीण. दारात चपला साठत नाहीत, कुणी बसायला येत नाही. चौथ्या दिवशी शेजारीण नेहमीसारखी विरजणाला दही मागायला येते आणि हिला उठून द्यावं लागतं. जिला माहीत आहे अशी ती मैत्रीण तुम्ही असाल आणि काय लिहावं ते सुचत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी आजवर अशी तीन पत्रं लिहिली. पहिलं चुकलं. त्यात मी लिहिलं होतं, "निदान लवकर कळलं, पुढे जाऊन झालं असतं तर किती त्रास झाला असता." दोन वर्षांनी त्या मैत्रिणीने मला सांगितलं की ते वाक्य वाचून तिने पत्र घडी करून कपाटात टाकलं आणि पुढचं वाचलंच नाही. तिसरं पत्र मी कोल्हापुरातच, राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला लिहिलं. तिच्या परवानगीने ते कसं लिहिलं हे इथे टप्प्याटप्प्याने सांगते. तिचं नाव लिहीत नाही. शाळेपासून मी तिला "बयो" म्हणते, तेवढंच इथे ठेवते.

आधी काय झालं ते नीट समजून घ्या

पेन हातात घेण्याआधी हे करायचं. तिला प्रश्न विचारून नव्हे, तिने आपणहून जे सांगितलं असेल त्यावरून.

बयोची शेवटची पाळी ४ जुलैची. सातव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ठोके दिसले होते. दहाव्या आठवड्यात, सप्टेंबरच्या मध्याला, परत सोनोग्राफी केली तेव्हा ठोके नव्हते आणि वाढ आठव्या आठवड्यालाच थांबलेली दिसली. रक्तस्राव झाला नव्हता, पोटात दुखलं नव्हतं. दोन आठवडे तिला काहीच कळलं नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. त्या दोन आठवड्यांत ती गर्भाशी बोलत होती.

रिपोर्टवर या प्रकाराला "मिस्ड अॅबॉर्शन" लिहितात. हा शब्द तुम्हाला माहीत असायला हवा, कारण तिच्या डोक्यात तो रुतून बसलेला असतो. आपल्या बोलण्यात अॅबॉर्शन म्हणजे करून घेतलेला गर्भपात. डॉक्टरांच्या भाषेत मात्र आपोआप गेलेल्या गर्भालाही तोच शब्द आहे. बयोने मला फोनवर विचारलं होतं, "असं का लिहिलंय गं, मी केलं का ते?" पत्रात या शब्दाचा उलगडा एका वाक्यात केला, तर पुष्कळ ओझं उतरतं.

पुढे काय करायचं ठरलंय तेही माहीत असू द्या. कुणी आपोआप बाहेर पडायची वाट बघतं, कुणी गोळ्या घेतं, कुणाचं क्युरेटिंग होतं, ज्याला घरात "पिशवी साफ केली" म्हणतात. बयोने गोळ्या घेतल्या होत्या. म्हणजे जे व्हायचं ते घरच्या बाथरूममध्ये, रात्री, नवऱ्याला हाका मारत झालं. अशा बाईला "आता सगळं पार पडलं, विश्रांती घे" असं लिहिणं आणि भूल देऊन क्युरेटिंग झालेल्या बाईला तेच लिहिणं, यात फार फरक आहे.

ती स्वतःला कशाबद्दल दोष देतेय ते ओळखा

पत्राचा गाभा इथे आहे. यासाठी वेळ घ्या.

गर्भ गेलेली बाई मागचे दोन-तीन महिने परत परत चाळत असते. काय खाल्लं, कुठे गेले, काय उचललं. बयोच्या बाबतीत ते गौरी-गणपतीचे दिवस होते. गौरी आल्या तेव्हा तिचा आठवा आठवडा चालू होता. दोन दिवस ती उभी होती, माळ्यावरची भांडी काढली होती, हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. सोनोग्राफीत वाढ थांबल्याची वेळही नेमकी तीच निघाली. तिने दोन्हीची सांगड घातली. त्यात पितृपंधरवडा चालू होता आणि घरातल्या एका वयस्कर बाईंनी म्हटलं, "पितरांचं काही करायचं राहून गेलं असंल."

खरी गोष्ट अशी. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये, काही अभ्यासांप्रमाणे त्याहून जास्त वेळा, गुणसूत्रांची संख्या किंवा रचना चुकलेली असते. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना, नाहीतर गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांतच होते. ती योगायोगाने होते आणि पुढे कितीही जपलं तरी दुरुस्त होत नाही. बयोचा हिशेब मी बोटांवर केला. ४ जुलैची पाळी म्हणजे गर्भ राहिला तो १८ जुलैच्या आसपास. त्या वर्षी तेव्हा श्रावणसुद्धा लागला नव्हता. गुणसूत्रांतच काही बिनसलं असेल, तर ते गौरी यायच्या सहा आठवडे आधी बिनसलं होतं. वाढ थांबली ती गौरीच्या दिवसांत, एवढाच काय तो संबंध.

तुमच्या पत्रात हाच हिशेब तिच्या तारखांनी मांडा. "तुझी काही चूक नाही" हे वाक्य तिने दहा जणांकडून ऐकलेलं असतं आणि ती ते मानत नाही. तारीख मात्र ती स्वतः मोजून बघते.

घरातली रोजची कामं, स्कूटरवरून जाणं, एसटीचा प्रवास, नवऱ्याजवळ जाणं, एखादं मोठं भांडण किंवा काळजीची रात्र, पिकलेल्या पपईच्या दोन फोडी, यांनी निरोगी गर्भ पडत नाही. पण पत्रात ही सगळी यादी उतरवू नका. तिने ज्याचं नाव घेतलंय तेवढ्याच गोष्टीबद्दल लिहा. नाहीतर जे तिच्या मनात नव्हतं तेही तुम्ही तिथे नेऊन ठेवाल.

इथे एक मर्यादा पाळायची. "बहुधा" हा शब्द सोडू नका. बयोच्या गर्भाची तपासणी झालेली नव्हती, त्यामुळे कारण गुणसूत्रांचंच होतं असं मी ठामपणे लिहू शकत नव्हते. तुमच्या मैत्रिणीला मधुमेह असेल आणि साखर ताब्यात नसेल, थायरॉइडचा त्रास असेल, किंवा असं दुसऱ्या-तिसऱ्यांदा झालं असेल, तर कारणाबद्दल एक अक्षर लिहू नका. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. तुम्ही फक्त सोबत जायची तयारी दाखवा.

कोणती वाक्यं काढून टाकायची

माझी कसोटी सोपी आहे. "निदान" या शब्दाने सुरू होणारं प्रत्येक वाक्य खोडायचं. निदान लवकर कळलं, निदान दिवस राहतात हे तरी समजलं, निदान पहिला मुलगा आहे. यातलं प्रत्येक वाक्य तिच्या दुःखातून थोडं वजा करतं आणि तिला ते लगेच कळतं.

दुसरा शब्द "पुढच्या वेळी". तिला पुढचं नको असतं, जे गेलं ते हवं असतं. कधी परत प्रयत्न करायचा हे तिचं, तिच्या नवऱ्याचं आणि डॉक्टरांचं बोलणं. तिसरं म्हणजे "खंबीर राहा" आणि "रडू नकोस". हे आपल्याला तिचं रडणं सोसत नाही म्हणून आपण म्हणतो. देवाचं नाव घ्यायचं की नाही हे तिच्यावरून ठरवा. बयो दर शुक्रवारी अंबाबाईला जाते, तरीही मी "आईची इच्छा" असं लिहिलं नाही. ती त्या वेळी देवीवर रागावलेली होती, आणि तो राग तिचा तिला असू द्यावा असं मला वाटलं.

गेलेल्या गर्भाला काय म्हणायचं, हा प्रश्न अनेकींना अडवतो. बाळ म्हणावं की गर्भ? ती जे म्हणत होती तेच म्हणा. बयो आणि तिचा नवरा "आमचा पाव्हणा" म्हणायचे, म्हणून मीही पत्रात पाव्हणाच लिहिलं. तिने कधीच काही नाव घेतलं नसेल, तर "जे झालं" एवढंच पुरे. तिच्याऐवजी तुम्ही नाव ठेवू नका.

मदत द्यायची ती दिवस आणि वेळ घालून

"काही लागलं तर सांग" हे लिहायला सोपं, पण त्यात सांगायचं काम तिच्यावर पडतं. तिला काय लागेल याचा तुम्हीच अंदाज करा, त्यासाठी शरीराचं थोडं माहीत हवं. रक्तस्राव साधारण दोन आठवड्यांपर्यंत कमी-जास्त चालतो. पाळी बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांत परत येते. गर्भारपणाची संप्रेरकं हळूहळू उतरतात, म्हणून मळमळ किंवा स्तन दुखणं आणखी काही दिवस राहू शकतं आणि घरी केलेली चाचणीसुद्धा दोन-तीन आठवडे दोन रेघा दाखवू शकते. हे शेवटचं फार क्रूर आहे. ठाऊक नसेल तर बाई परत आशा धरून बसते. बयोला मी ते पत्रातच लिहिलं.

ती नोकरी करत असेल तर रजेचं बघा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भ गेल्यानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. कामाच्या ठिकाणी हे कित्येकांना माहीतच नसतं. बयो आठ दिवसांची किरकोळ रजा टाकून बसली होती.

डबा पाठवणार असाल तर डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू पाठवू नका. ताकद येईल म्हणून माझी आई करून देणार होती, मी थांबवलं. ते बाळंतिणीचं खाणं. डबा उघडल्यावर तिला काय वाटेल याचा विचार करा. मी भाकरी, मुगाची आमटी आणि लसणाची चटणी दिली.

काळजीच्या खुणा पत्रात लिहू नका. त्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहून नवऱ्याच्या हातात द्या. मी लिहिलेली चिठ्ठी एवढीच होती: तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, चक्कर येतेय, १००.४ च्या वर ताप, घाण वासाचा स्राव, किंवा दुखण्यावरच्या गोळ्यांनी न थांबणारं पोटातलं दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचं. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं. दोन आठवड्यांनंतरही तिची झोप-जेवण सुटलेलं असेल तर डॉक्टरांशी बोलायचं. जगणं नको असं ती बोलली, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

कधी, कशावर, कसं पोचवायचं

कळलं त्या दिवशी मोबाइलवर दोनच ओळी पाठवा. "कळलं. मी इथेच आहे. उत्तर नको देऊस." पत्र तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत द्या. आधी दिलं तर ती दुखण्यातच असते, आणि फार उशीर झाला तर सगळे विसरले असं तिला वाटायला लागलेलं असतं.

कागदावर, हाताने लिहा. एका पानाच्या दोन बाजू, त्याहून जास्त नको. एकत्र कुटुंब असेल तर ते पत्र दुसरं कुणी वाचू शकतं हे धरून चाला. तिने फक्त तुम्हाला सांगितलेलं काहीही त्यात येता कामा नये. म्हणूनच मी पितरांबद्दलच्या त्या बोलण्याचा उल्लेख केला नाही, फक्त तारखांचा हिशेब दिला. पाकीट चिकटवून डब्याच्या पिशवीत ठेवलं, पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि आत न जाता परत फिरले. तुम्ही स्वतः गरोदर असाल तर स्वतः जाऊ नका, दुसऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवा.

ते पत्र

मी कच्चं लिहिलं, एक रात्र ठेवलं, सकाळी तीन वाक्यं खोडली आणि मग हे उतरवलं.

"बयो,

पाव्हणा गेला. हे मला तुला पहिल्यांदा लिहायचं होतं, कारण तू फोनवर म्हणालीस की घरात कुणी हे असं सरळ बोलतच नाही. तो होता, साडेसात आठवड्यांचे त्याचे ठोके तू बघितलेस, आणि आता तो नाही. मला फार वाईट वाटतंय.

मी तुझ्या तारखा घेऊन बसले होते. पाळी ४ जुलैची, म्हणजे दिवस राहिले ते १८ जुलैच्या आसपास. अशा वेळी बहुधा गुणसूत्रांतच चूक झालेली असते, आणि ती अगदी सुरुवातीला होते. तेव्हा गौरी यायला सहा आठवडे होते. तू माळ्यावरची भांडी काढलीस त्याने काही झालेलं नाही. तू स्वतः मोजून बघ. आणि रिपोर्टवर जे अॅबॉर्शन लिहिलंय ना, डॉक्टर लोक आपोआप गेलं तरी तोच शब्द लिहितात. त्याचा अर्थ तू काही केलंस असा होत नाही.

ते दोन आठवडे तू त्याच्याशी बोलत होतीस, याचं तुला सगळ्यात वाईट वाटतं, असं तू म्हणालीस. मला त्यात तुझं काही चुकलं असं वाटत नाही. तू त्याची आई होतीस, म्हणून बोलत होतीस.

आणखी काही दिवस मळमळेल. घरात चाचणीचं किट राहिलं असेल तर करू नकोस गं, ते अजून दोन-तीन आठवडे दोन रेघा दाखवू शकतं. मला नको आहे की तू ते एकटीने बघावंस.

सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता डबा दारात ठेवून जाईन. बेल वाजवणार नाही. रजेचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सहा आठवडे मिळतात, फक्त सही आणि डॉक्टरांचा दाखला लागेल. नवरात्र पाच दिवसांवर आलंय. ओटी भरायला बोलावणी येतील. तुला जायचं नसेल तर कुणाला कारण सांगत बसू नकोस, माझं नाव घे, मी कुठेतरी नेलंय म्हण.

त्यालाही विचार कसा आहेस म्हणून. सगळे त्याला तुझ्याबद्दलच विचारत असतील.

याचं उत्तर देऊ नकोस. बोलावंसं वाटलं तर रात्री कितीही वाजता फोन कर. नाही वाटलं तरी गुरुवारी डबा येईलच.

तुझीच"

खोडलेल्या तीन वाक्यांतलं एक माझ्या स्वतःच्या अनुभवाबद्दल होतं. माझाही एक गर्भ गेला होता आणि ते तिला माहीत आहे. पण पत्रात ते आलं असतं तर तिला मला धीर द्यावासा वाटला असता. तुमच्यासोबत असं झालं असेल आणि तिला ठाऊक नसेल, तर एका ओळीत सांगा आणि तिथेच थांबा.

नवऱ्याबद्दलच्या त्या दोन ओळी मी आधी लिहिणार नव्हते. नंतर बयोने सांगितलं की त्या वाचून तिने त्याला हाक मारली, पत्र त्याला दिलं, आणि तो पहिल्यांदा रडला.

आणि मग

पत्र दिल्यावर सांगितलेल्या दिवशी डबा गेला पाहिजे. पहिला गुरुवार चुकला तर पत्रातलं बाकी सगळंही हलकं होतं. जमणार नसेल तर आधीच एकच दिवस लिहा. तिचं उत्तर आलं नाही म्हणून "पत्र मिळालं का?" असं विचारू नका. बयोचा फोन बाविसाव्या दिवशी आला, तोही रिकामे डबे घेऊन जा म्हणून.

शेवटचं काम तुमच्या स्वतःच्या वहीत करायचं. तिची बाळंतपणाची तारीख लिहून ठेवा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. ४ जुलै म्हणजे ११ एप्रिल. ही तारीख तिला पाठ असते आणि घरातले बाकीचे बहुधा विसरलेले असतात. ११ एप्रिलला सकाळी मी तिला लिहिलं, "आजची तारीख माझ्या लक्षात आहे." दुपारी तिचा निरोप आला, संध्याकाळी रंकाळ्यावर ये. आम्ही कठड्यावर तासभर बसलो. पाव्हण्याबद्दल ती बोलली, मी ऐकलं, आणि अंधार पडल्यावर तिला घरी सोडून आले.